भुर्जी रबरासारखी होते त्यावर
तुझी भुर्जी कोरडी होतेय आणि खाली पाणी सुटतंय ना, ते अंड्यामुळे नाही, आचेमुळे होतंय. अंडं जास्त तापलं की आवळतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं, म्हणून गोळे चिवट आणि कढईत पाणी असं दोन्ही एकदमच होतं.

चार अंड्यांची करणार असशील तर एक मोठा कांदा, एक टोमॅटो, मिरची, हळद हे सगळं आधी मोठ्या आचेवर नीट परतून घे, टोमॅटोचं पाणी पूर्ण आटून कडेला तेल दिसायला लागेपर्यंत, इथे घाई करू नकोस कारण ते पाणी राहिलं तर नंतर अंडं शिजून गेलं तरी तू ते आटवत बसणार. मग गॅस एकदम बारीक कर, कढई जड असेल तर अर्धा मिनिट थांबच, आणि चमचाभर दूध घालून फेटलेली अंडी ओत. चुर्र असा जोरात आवाज आला तर कढई अजून गरम आहे, लगेच खाली उतरव.

दहा-पंधरा सेकंद हात लावू नकोस, तळाशी थर धरू दे, मग सपाट उलथन्याने कडेकडून मध्ये हळूच ओढत राहा. भराभर ढवळलंस की चुरा होतो, गाडीवरच्या भुर्जीला तो चालतो पण तुला मऊ हवीय. वरून थोडी ओलसर चमक असतानाच गॅस बंद कर, कढईच्या उष्णतेवर मिनिटभरात बाकीचं शिजतं. कोथिंबीर त्यानंतर.