फिकट कार्पेटवरचा चहाचा डाग

प्रश्न: ऑफ-व्हाइट कार्पेटवर चहा सांडला, पुसला तरी वाळल्यावर डाग परत आला. आता काय करू? रेड वाइनलाही हेच चालेल का?

उत्तर: चहा तळाशी मुरलाय. वरचे धागे वाळताना तो ओलाव्याबरोबर पुन्हा वर चढतो. आमच्या ठाण्याच्या घरी ऐन जुलैत हेच झालं.

डाग गार पाण्याने भिजवा. दोन कप पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून तो कडेकडून आत टिपत या. कपडे धुण्याची साबणवडी नको, तिने चहाचा रंग पक्का होतो. मग साध्या पाण्याने टिपा, नाहीतर उरलेल्या साबणावर धूळ बसते. शेवटी पांढऱ्या पंचाची जाड घडी, वर पोळपाट आणि दोन डबे, रात्रभर. सकाळी आमच्या पंचावर तपकिरी गोल उमटला होता! पावसाळ्यात पंखा लावाच, नाहीतर कुबट वास येतो.

पिवळट छटा उरलीच तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आधी कोपऱ्यात लावून बघा. लोकर किंवा रेशमाला मात्र नाही.

वाइनलाही हेच. ताजी असेल तर न घासता आधी कोरड्या कपड्याने टिपून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.