निराधारच्या अर्जाचं कॅप्शन लिहिताना

भाऊ, अर्ज भरायचं नवीन केंद्र टाकलं म्हणून जाहिरातीच्या पोस्टखाली ‘निराधारचा पगार चालू करून देऊ’ असं कॅप्शन लिहू नका. आपण अर्ज भरतो, मंजुरी तालुक्याची समिती देते. कागदंही ‘सर्व कागदपत्रे आणा’ असं मोघम लिहिलं, तर बाई मजुरी बुडवून येते आन् परत जाते.

संजय गांधी निराधार योजनेसाठी विधवा बाईचं उदाहरण घ्या. असं लिहा: ‘आधार, रेशन कार्ड, पतीचा मृत्यू दाखला, वयाचा व रहिवासाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्न दाखला (वार्षिक 21,000 रुपयांपर्यंत), बँक पासबुक, फोटो. अर्ज भरून मिळेल. मंजुरीचा निर्णय समितीचा.’

अर्ज जास्त करून नावावर अडकतो. मृत्यू दाखल्यावर ‘रामा’ आन् बाईच्या आधारवर पतीचं नाव ‘रामभाऊ’, किंवा आधारवर अजून माहेरचंच नाव. म्हणून कॅप्शनमध्ये एक ओळ टाकाच: ‘सगळ्या कागदांवर नाव सारखं आहे का, घरीच पाहून या.’ पासबुक असलं तरी खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत विचारून यायला सांगा. नाहीतर मंजूर झालेले पैसेही खात्यात पडत नाहीत.