सगळ्यांना चारच का पडतात?

"मॅडम, माझ्या आठही माणसांना मी बहुतेक चार दिलेत. एचआरनं वार्षिक मूल्यमापनाचं शीट 'परत बघा' म्हणून माघारी पाठवलं. माणसं कष्टाळू आहेत हो. आता कुणाचे मार्क कापू?"

चाकणमधल्या डिस्पॅच विभागाच्या या मॅनेजरना मी म्हटलं, कापायचं नंतर बघू, आधी शीट वाचू. पाचपैकी गुण, निकष चार: वेळेवर डिस्पॅच, स्टॉकची अचूकता, कागदपत्रं, सहकाऱ्यांना मदत. सहा जणांना सगळीकडे चार, एकाला चारही रकान्यांत पाच, एकाला चारही रकान्यांत तीन.

पाचवाला बोलायला हुशार, मेल सुरेख लिहितो. पण स्टॉकमोजणीत त्याच्याच रॅकवर वारंवार फरक निघाला होता. एका चांगल्या गोष्टीची छाप बाकीच्या रकान्यांवर पडली होती, यालाच 'हॅलो इफेक्ट' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या गुणांत हेच दिसलं होतं: शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व यांचे आकडे नको इतके एकमेकांशी जुळत होते. तीनवाल्याच्या शेऱ्यात एकच घटना होती, मार्चमध्ये चुकीचा माल गेला ती. एप्रिल ते फेब्रुवारीचं त्याचं स्वच्छ रेकॉर्ड शेऱ्यात कुठेच नव्हतं.

अशा वेळी कंपन्या मॅनेजरना या चुकांची यादी शिकवतात, आणि तिथेच फसगत होते. 'सारखे आकडे नकोत' एवढंच ऐकलेला माणूस मुद्दाम तीन-चार-पाच असे पसरवतो. शीट छान दिसतं, खरं होत नाही. म्हणून आम्ही आधी प्रत्येक आकडा कामाच्या भाषेत लिहिला. स्टॉकमध्ये तीन म्हणजे फरक निघतो, पण स्वतः कळवून कारण शोधतो. चार म्हणजे फरक क्वचितच निघतो. मग एका काल्पनिक कर्मचाऱ्याचं वर्षभराचं काम कागदावर मांडलं आणि तीन मॅनेजरना एकमेकांना न विचारता गुण द्यायला लावले. त्याच नोंदींवर स्टॉकला दोन, तीन आणि चार आले! कोणी कोणत्या नोंदीवरून आकडा दिला यावर जी चर्चा झाली, तेच खरं प्रशिक्षण.

नंतर डिस्पॅचच्या मॅनेजरनी शीट नव्यानं भरलं, माणूस पूर्ण करत नव्हे तर रकाना पूर्ण करत: आधी आठही जणांचा स्टॉक, मग आठही जणांची कागदपत्रं. पुढच्या वर्षासाठी दर महिन्याला प्रत्येकाच्या नावावर तारखेसह दोन ओळी ठरल्या, चांगलंही लिहायचं.

तीनवाल्याचा डिस्पॅच चारवर आला, कारण ती चूक धरूनही वर्ष चांगलं होतं. बाकीच्यांचे बरेचसे चार तसेच राहिले. नोंदी पाठीशी असतील तर राहू द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचवाल्याचा स्टॉक मात्र तीनवर आला आणि साहेब अडले. "तोंडावर कसं सांगू?" सढळ हातानं गुण देण्याचं मूळ बहुतेकदा या भीतीत असतं, ते आकड्यांच्या सरावानं जात नाही. त्यामुळे शेवटची बैठक फक्त बोलण्याच्या सरावाची घेतली. त्यांचं पहिलं वाक्य ठरलं: "तुझ्या मेलवर मी खूश आहे, आता रॅकच्या मोजणीचे कागद दोघं मिळून बघू."