खेळासोबतची चिठ्ठी पहिल्यांदा लिहिताना

नव्या शहरात राहायला गेलेल्या मित्राला भेट म्हणून तुम्ही ‘अझूल’ हा रंगीत फरशा मांडण्याचा पटावरचा खेळ निवडला आहे, हे योग्यच झाले. हा खेळ दोघांतही रंगतो, त्यामुळे तिथे मित्राची एकाच व्यक्तीशी ओळख झाली तरी डाव मांडता येईल, आणि चिठ्ठीत सर्वांत आधी हेच लिहावे.

नियमपुस्तिका उतरवून काढण्याची चूक बहुतेक जण करतात. त्याऐवजी चाल कशी करायची तेवढे सांगावे: ‘एका चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या फरशा उचल आणि उरलेल्या मधोमध सरकव.’ गुणांचा हिशेब पुस्तिकेवर सोडावा.

‘तिथे करमत नसेल’ हे वाक्य टाळावे. भेटवस्तूने एकटेपणाची आठवण कशाला करून द्यायची? ‘पहिला डाव माझ्याशीच’ असेही लिहू नका, नाहीतर तुम्ही जाईपर्यंत पेटी बंदच राहील.