वॉरंट निघालं, पण पकडणार कोण?

प्रश्न: मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी राष्ट्रप्रमुखांना शिक्षा का होत नाही?

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, आणि आरोपी समोर नसेल तर तिथे खटला उभा राहत नाही. म्हणजे सगळं अडतं ते अटकेपाशी.

सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर घ्या. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर भागातल्या अत्याचारांसाठी 2009 मध्ये त्यांच्यावर वॉरंट निघालं, तेही पदावर असताना. जून 2015 मध्ये ते परिषदेसाठी जोहान्सबर्गला गेले. दक्षिण आफ्रिका या न्यायालयाची सदस्य, त्यामुळे अटक करणं तिला बंधनकारक होतं. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने त्यांना देश सोडू देऊ नका, असा आदेशही दिला. पण सुनावणी चालू असतानाच त्यांचं विमान लष्करी तळावरून उडालं! सरकारचं म्हणणं, राष्ट्रप्रमुखाला अटकेपासून संरक्षण असतं. तिथल्याच न्यायालयांनी हे बेकायदा ठरवलं, पण तोवर पाहुणे घरी पोचले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते दिल्लीलाही येऊन गेले. भारत सदस्य नाही, त्यामुळे आपल्यावर तसं बंधन नव्हतं.

2019 मध्ये लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. तरी नव्या राज्यकर्त्यांनीही त्यांना हेगला पाठवलं नाही. माझ्या मते त्याचं एक कारण उघड आहे: दारफूरमध्ये बशीर यांच्या बाजूने लढलेले लोक या नव्या सत्तेतही होते.