तीन परीक्षा, एक बूटकॅम्प आणि महिन्याचे पंधरा हजार

प्रश्न: ताई, मी पुण्यात जावा डेव्हलपर आहे, वय ३१. डेव्हऑप्सकडे वळायचंय. हातात ८५,००० येतात, घराचा हप्ता धरून खर्च ७०,०००. बायको सध्या घरी आहे, मुलगी दोन वर्षांची. बँकेत १,४०,००० आहेत. एक बूटकॅम्प १,२०,००० ला आहे, बारा महिने नो-कॉस्ट ईएमआयवर. त्यासोबत सीकेएडी, सीकेए आणि सीकेएस या तिन्ही कुबरनेटीस परीक्षा एकदमच घेऊन टाकाव्यात असं वाटतं. करू का?

उत्तर: बूटकॅम्प नको, तीन परीक्षाही नकोत. फक्त सीकेए घ्या, आणि तिचे पैसेही आज भरू नका.

सल्लागार होण्याआधी मी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळण्याचं काम केलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

सीकेएची छापील किंमत ४४५ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर ३९,१६० होतात. क्रेडिट कार्डाचं परकी चलनाचं शुल्क साधारण साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी धरला की आकडा जवळपास ४०,८०० वर जातो. यात एक पुनर्परीक्षा फुकट मिळते आणि killer.sh वरच्या सराव परीक्षेची दोन सत्रंही. पैसे भरल्यापासून परीक्षा द्यायला बारा महिने मिळतात, आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. पूर्वी ते तीन वर्षं चालायचं. एप्रिल २०२४ पासून मुदत कमी झाली. ते पुढे चालू ठेवायचं तर पुन्हा परीक्षा आणि पुन्हा फी.

म्हणून मी या खर्चाकडे वर्गणी म्हणून बघते. एका प्रमाणपत्राची वर्गणी महिना १,७०० पडते. तिन्ही परीक्षांची छापील किंमत सारखीच आहे, तेव्हा तिन्ही चालू ठेवायची तर महिना ५,१००, म्हणजे तुमच्या शिलकीचा तिसरा हिस्सा. एकत्र घेतल्यावर थोडी सवलत मिळते, पण तिन्हींची घड्याळं एकदम सुरू होतात आणि अभ्यासाचे तास तर तेवढेच राहतात.

सीकेएच का? सीकेएडी ही ॲप्लिकेशन कुबरनेटीसवर चढवणाऱ्या डेव्हलपरची परीक्षा आहे. त्यातलं बरंचसं तुम्ही आजही थोडंफार करत असाल, आणि तुम्हाला तर त्या खुर्चीवरून उठायचंय. सीकेएमध्ये क्लस्टर उभा करणं, अपग्रेड करणं, नेटवर्किंग, स्टोरेज असतं आणि तब्बल ३० टक्के गुण बिघाड शोधण्याला असतात. ऑपरेशन्सच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. सीकेएस ही सुरक्षेची परीक्षा सीकेए पास झाल्याशिवाय देताच येत नाही, त्यामुळे तिचे पैसे आत्ता अडकवण्यात अर्थ नाही.

आता बूटकॅम्प. परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. दोन तासांत पंधरा ते वीस कामं चालू क्लस्टरवर टर्मिनलमध्ये करून दाखवायची, पास व्हायला ६६ टक्के. कुबरनेटीसची अधिकृत कागदपत्रं परीक्षेत उघडता येतात, म्हणजे पाठांतराला किंमत नाही. एका कामाला जेमतेम सात मिनिटं मिळतात, तेव्हा हात बसलेला लागतो. हात बसवायला लॅपटॉप पुरतो, दीड तासाची व्हिडिओ-व्याख्यानं नाहीत. शिवाय नो-कॉस्ट ईएमआय हे तुमच्या नावावरचं कर्जच असतं. तिसऱ्या महिन्यात वर्ग आवडेनासे झाले तरी दहा हजारांचा हप्ता पुढचे नऊ महिने जातोच. संस्थेकडे एकरकमी भावाची चौकशी करून बघा. तो कमी निघाला तर फरक व्याजाचाच आहे.

सरावासाठी सोळा जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, प्रत्येकी दोन सीपीयू आणि दोन जीबी, आणि `kubeadm` वापरून क्लस्टर स्वतः उभा करा. `kind` झटपट होतं, रोजच्या सरावाला छान आहे, पण त्यात नोड म्हणजे कंटेनरच असतात, त्यामुळे अपग्रेडचा खरा सराव होत नाही. क्लाउडवर मात्र क्लस्टर सुरू ठेवून विसरू नका: ॲमेझॉनच्या ईकेएसमध्ये नुसत्या कंट्रोल प्लेनचे तासाला दहा सेंट लागतात, म्हणजे महिनाभरात साडेसहा हजारांच्या आसपास, मशीनचं भाडं वेगळं.

पैसे केव्हा भरायचे याची कसोटी सांगते. मित्राला तुमच्या वर्कर नोडवर `/var/lib/kubelet/config.yaml` मधल्या `clientCAFile` चा मार्ग चुकवून कुबलेट रीस्टार्ट करायला सांगा. काय केलं ते तुम्हाला सांगायचं नाही. मिनिटाभरात नोड `NotReady` दिसेल. मग घड्याळ लावा:

```
kubectl get nodes
ssh node01
sudo systemctl status kubelet
sudo journalctl -u kubelet -n 50
```

नवखा माणूस इथे पॉड पुसून पुन्हा बनवत बसतो. नोडच आजारी असेल तर पॉडवर उपचार करून काही होत नाही. लॉगमध्ये फाइल सापडत नसल्याची ओळ दिसली, मार्ग दुरुस्त केला, कुबलेट पुन्हा सुरू केला आणि नोड `Ready` झाला, हे सगळं सात मिनिटांत व्हायला हवं. असाच दुसरा बिघाड सर्व्हिसचा: सगळे पॉड चालू, तरी उत्तर येत नाही. सर्व्हिसच्या सिलेक्टरमधलं लेबल एका अक्षराने चुकलेलं असतं आणि एंडपॉइंटची यादी रिकामी असते. असे दहा वेगवेगळे बिघाड घ्या, आठ वेळेत सुटू लागले की परीक्षा विकत घ्या. killer.sh ची दोन सत्रं ३६-३६ तासांची आहेत. पहिलं परीक्षेच्या दोन आठवडे आधी उघडा, दुसरं शेवटच्या आठवड्यात.

रोज एक तास आणि रविवारी दोन-तीन धरले तर इथवर यायला तुम्हाला चारेक महिने लागतील. चार महिने वेगळ्या खात्यात १०,२०० टाकत जा, बरोबर ४०,८०० जमतात. उरलेले पाच हजारांच्या आत-बाहेरचे बँकेतल्या शिलकीत भरा. त्या १,४०,००० ना हात लावू नका. एकट्याच्या पगारावर तिघांचं घर चालतंय आणि ही शिल्लक जेमतेम दोन महिन्यांची आहे. मला ती सहा महिन्यांची हवी आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. नोव्हेंबरच्या शेवटी या परीक्षांवर बहुतेक वर्षी सवलत असते. तुमची तयारी तेव्हा होत आली असेल तर थांबा, नसेल तर सवलतीसाठी घाई करू नका.

पैसे भरण्याआधी कंपनीच्या एचआरला विचारा. अनेक कंपन्या पास झाल्यावर फी परत देतात. मात्र त्याबरोबर वर्ष-दोन वर्षं न सोडण्याची अट असते का, हे लेखी घ्या. तुम्हाला नोकरी बदलायची असेल तर चाळीस हजारांसाठी ती अट घेऊ नका. आणि या चार महिन्यांत मॅनेजरकडून डिप्लॉयमेंटचं किंवा ऑन-कॉलचं थोडं काम मागून घ्या. नुसत्या प्रमाणपत्रावर भूमिका बदललेली मी फारशी पाहिली नाही. प्रमाणपत्र आणि सहा महिन्यांचं खरं काम यांवर बदललेली पाहिली आहे. तसं होऊन हातात महिना तीन हजार जरी वाढले तरी फी चौदा महिन्यांत वसूल होते, मुदतीच्या आत. पास होऊन वर्षभर अर्जच केले नाहीत, तर ती होणार नाही. म्हणून परीक्षेची तारीख अशी धरा की लगेच पुढच्या महिन्यात मुलाखती सुरू करता येतील.

परीक्षा घरच्या लॅपटॉपवरून द्या; कंपनीच्या लॅपटॉपवर सुरक्षित ब्राउझर बऱ्याचदा चालतच नाही. खात्यातलं नाव पासपोर्टवर आहे तसंच इंग्रजी अक्षरांत टाका. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा ऐन परीक्षेच्या सकाळी निस्तरत बसावा लागू नये.