क्लॅरिनेटचा अडकलेला सांधा

प्रश्न: जळगावात बँडमध्ये लाकडी क्लॅरिनेट वाजवतो. गणपतीच्या मिरवणुकीनंतर मधला सांधा निघतच नाही. काय करू?

उत्तर: आज जोर लावू नका. ओलाव्याने लाकूड फुगलं असणार. आतून कापड फिरवून रात्रभर कोरड्या सावलीत ठेवा. उन्हात लाकूड तडकतं. सकाळी वरच्या भागाच्या रिंगा दाबून धरा, म्हणजे दोन्ही भागांना जोडणारी चावी उचलली जाते आणि वाकत नाही. हात सांध्याजवळ ठेवून अगदी थोडं इकडे, थोडं तिकडे पिळा. पकडीसारखं हत्यार तर नकोच.

निघाल्यावर जुनं ग्रीस पुसून कॉर्कला नवं कॉर्क ग्रीस लावा. मात्र कॉर्कच्या वरखालची लाकडी कड घासून चकाकत असेल, तर लाकूडच अडतंय. मग कॉर्क घासून पातळ करू नका, कारागिराकडे द्या.